"पाच हजार करा ना काका": करार झाला की नाही?

संध्याकाळची शिकवणी | रविवार, रात्री ९:१०

रत्नागिरीत मी बी.कॉम. आणि सीए फाउंडेशनच्या मुलांना संध्याकाळी व्यापारी कायदा शिकवते. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १० मुलांना तोंडपाठ असतं. पण घराशेजारचा एखादा व्यवहार समोर ठेवला की तीच मुलं गप्प होतात. म्हणून या वर्षी पुस्तकातली उदाहरणं बाजूला ठेवली आणि वर्गातल्याच एका मुलाचा मोबाइल मागून घेतला.

मुलगा गुहागर तालुक्यातला. तवसाळ-जयगड फेरीबोट पकडून रोज ये-जा करणं जमेना, म्हणून तो शहरात खोली शोधत होता. एका फाटकावर "खोली भाड्याने देणे आहे" अशी पाटी आणि खाली नंबर दिसला. पुढचं बोलणं व्हॉट्सॲपवर झालं. त्याच्या परवानगीने जसंच्या तसं देते.

मंगळवार, संध्याकाळी ६:२०
मुलगा: काका पाटी बघितली. खोली आहे काय अजून?
मालक: आहे. भाडं ५,५००. डिपॉझिट २०,०००. लाईटबिल वेगळं. ११ महिन्यांसाठी. शुक्रवारपर्यंत सांग.
मुलगा: ५,००० करा ना काका. आम्ही दोघंच राहणार.
(टिका निळ्या झाल्या. उत्तर नाही.)

गुरुवार, सकाळी ८:०५
मुलगा: ठीक आहे काका, ५,५०० चालेल. १,००० टोकन पाठवलंय.

गुरुवार, दुपारी १:४०
मालक: अरे बाबा, काल संध्याकाळीच दुसऱ्याला दिली. तुझे हजार परत पाठवतो.

हजार रुपये त्याच दिवशी परत आले. मुलगा मात्र खट्टू झाला, कारण मालकाने स्वतःच शुक्रवारपर्यंतची मुदत दिली होती.

वर्गात तीन तट पडले. काहींच्या मते टोकन गेलं म्हणजे करार झाला. काहींच्या मते कागदावर काहीच नाही, म्हणजे करार नाही. तिसऱ्या गटाचं म्हणणं असं की मुलाने ५,००० म्हटलं तिथेच सगळं संपलं. माझं मत मी मुद्दाम राखून ठेवलंय. इथे वकील आहेत, दुकानदार आहेत, घरमालकही आहेत. कोणती ओळ निर्णायक वाटते ते सांगा, बुधवारी वर्गात वाचून दाखवीन.

दुकान मालवण | रविवार, रात्री ९:४५

मॅडम, माझं किराणा आणि सीझनला आंब्याचं दुकान आहे. माझ्या अनुभवाने सांगतो, स्टॅम्पपेपरवर सही नसेल तर तो करारच नव्हे. नुसता मेसेज म्हणजे गजाली. आमच्याकडे जागेचा व्यवहार असो की कलमांच्या बागेचा, कागद झाल्याशिवाय कोण कोणाला बांधील नाही.

दुसरं, पाटीबद्दल. पाटी लावली की मालक बांधला गेला, असं मला वाटतं. मागच्या मे महिन्यात माझ्या पोराने पेटीवर चुकून आदल्या आठवड्याचं कार्ड ठेवलं. भाव १,८०० चा, कार्ड १,२०० चं. गिऱ्हाईक हटून बसलं, "लिहिलंय त्या भावाने द्या." चार माणसांत वाद नको म्हणून दिली. सहाशे रुपये गेले, पण शब्द लिहिलेला होता, मग काय करणार?

सुपारीबाग | रविवार, रात्री १०:०२

मालवणकर, छापील किमतीपेक्षा जास्त घेणं हा गुन्हा आहे. तुम्ही १,२०० ला दिलीत हे बरंच केलंत, नाहीतर ग्राहक आयोगात तक्रार झाली असती. आणि मॅडम, त्या मुलानेही खोलीमालकाविरुद्ध ग्राहक आयोगात जावं.

काळा कोट | रविवार, रात्री १०:५०

चाळीस वर्षं दिवाणी वकिली केली, आता घरी असतो. हळूहळू एकेक घेऊ या.

आधी आंब्याची पेटी. सुपारीबाग, तुम्ही म्हणता ती छापील किंमत पाकीटबंद मालावर असते. बिस्किटाच्या पुड्यावर छापलेल्या किमतीहून जास्त घेणं वेगळ्या कायद्याने बंद आहे, ते खरं. पेटीवर दुकानदाराने हाताने लिहून ठेवलेलं कार्ड ही तशी किंमत नव्हे.

आणि मालवणकर, तुमचे सहाशे रुपये तुमच्या भलेपणाने गेले, करार कायद्याने नव्हे. दुकानात माल मांडणं, त्यावर भाव लिहिणं म्हणजे फक्त "या, बघा, विचारा" असं बोलावणं. गिऱ्हाईक पेटी उचलून "ही द्या" म्हणतं तेव्हा प्रस्ताव त्याच्याकडून येतो. तुम्ही "घ्या" म्हणून पैसे घेतलेत की करार होतो. त्याआधी "कार्ड चुकलंय, भाव अठराशे आहे" असं सांगायला तुम्ही मोकळे होतात. इंग्लंडमध्ये १९५३ साली बूट्स कंपनीच्या औषधदुकानावरून हाच प्रश्न निघाला होता. फळीवरची बाटली गिऱ्हाइकाने टोपलीत टाकली तेव्हाच विक्री झाली का, असा वाद होता. न्यायालय म्हणालं, नाही, विक्री गल्ल्यापाशी होते. याचं कारण साधं आहे. मांडलेला माल म्हणजेच प्रस्ताव धरला, तर दुकानात दहा पेट्या असताना पंधरा जण "घेतली" म्हणाले की दुकानदार पाच जणांचा वचनभंग करून बसेल.

मुद्दाम खोटं कार्ड लावून लोकांना आत ओढणं ही गोष्ट निराळी, त्याला ग्राहक कायदा आहे. तुमच्या पोराची चूक त्यात बसत नाही.

फाटकावरच्या पाटीचंही हेच. पाटी हा प्रस्ताव नाही. त्यावर भाडंही नव्हतं, मुदतही नव्हती. प्रस्ताव आला तो मालकाच्या मेसेजमध्ये. भाडं, डिपॉझिट, लाईटबिल, ११ महिने, सगळं त्यात आहे. नुसतं "हो" म्हटलं की पुरेल, इतका तो पूर्ण आहे. प्रस्ताव ओळखायची माझी खूण हीच. समोरच्याच्या एका "हो"ने व्यवहार पुरा होतो का, की अजून काही विचारावं लागतं?

स्टॅम्पपेपरचं उद्या लिहितो, तो मुद्दा अर्धा बरोबर आहे आणि म्हणूनच फसवा आहे.

दुकान मालवण | रविवार, रात्री ११:०५

वकीलसाहेब, हां, ही गोष्ट माका आज कळली. पुढच्या सीझनला पोराक शिकवतंय.

वाशिष्ठीकाठ | सोमवार, सकाळी ७:३०

मी चिपळूणची. माझी वरची खोली भाड्याने दिलीय. सगळं तोंडी ठरलेलं. भाडेकरू सहा महिने भाडं देत नाही, वर म्हणतो की "चार हजार ठरलं होतं", आणि मला पक्कं आठवतंय की साडेचार ठरलं होतं. त्याचं मीटर माझ्या नावावर आहे. लाईट तोडली तर चालेल का? करार मोडलाय ना त्याने?

काळा कोट | सोमवार, सकाळी ९:१५

ताई, लाईट अजिबात तोडू नका. वीज-पाणी तोडायला भाडे नियंत्रण कायद्यात मनाई आहे. उलट तुम्हीच अडचणीत याल. भाडंवसुलीसाठी आधी चिपळुणातल्या एखाद्या वकिलाकडून नोटीस पाठवा.

पण तुमच्या गोष्टीतून मालवणकरांना उत्तर मिळतंय, म्हणून थोडं लांब लिहितो.

करार कागदावरच हवा असं करार कायदा म्हणत नाही. सकाळी तुम्ही दुधाची पिशवी घेता, रिक्षात बसता, दुकानात उधारीवर तांदूळ लिहून ठेवायला सांगता, हे सगळे करार आहेत. कागद नसला तरी ते बांधतात. फक्त काही व्यवहारांसाठी दुसरा एखादा कायदा कागद मागतो. महाराष्ट्रात भाड्याची जागा त्यातलीच. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी हवा आणि नोंदलेला हवा.

आता नीट बघा, नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे, भाडेकरूवर नाही. मालकाने ती केली नाही तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि अटींवरून वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. म्हणजे ताई, तुमचे साडेचार आणि त्याचे चार यांत आज त्याचे चार वर आहेत. साडेचार होते हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल. जुने जीपे-फोनपेचे व्यवहार काढा. सुरुवातीच्या महिन्यांत त्याने ४,५०० पाठवले असतील तर तोच तुमचा पुरावा.

म्हणून "कागद नाही, मग करारच नाही" हे मालवणकरांचं म्हणणं घरमालकाला सोयीचं वाटतं, पण कायदा नेमका उलटा चालतो. कागद नसल्याचा तोटा मालकाला.

वाशिष्ठीकाठ | सोमवार, सकाळी ९:४०

पहिले तीन महिने ४,५०० च आलेत! आत्ता बघितलं. धन्यवाद वकीलसाहेब. बाकीचं मी वेगळा धागा काढून विचारते.

तिसरा बाक | सोमवार, दुपारी ४:२०

मी मॅडमच्याच वर्गात आहे. मी तिसऱ्या गटातली. माझं म्हणणं, स्वीकृती जशीच्या तशी हवी. मालक म्हणाला ५,५००, हा म्हणाला ५,०००. म्हणजे त्याने मालकाचा प्रस्ताव नाकारला आणि स्वतःचा नवीन ठेवला. मेलेला प्रस्ताव गुरुवारी "चालेल" म्हणून जिवंत होत नाही. १८४० च्या हाइड विरुद्ध रेंच खटल्यात असंच झालं. शेत १,००० पौंडांना देऊ केलं, घेणारा ९५० म्हणाला, मालकाने नकार दिला, मग घेणारा म्हणाला "बरं, १,०००". न्यायालय म्हणालं, करार नाही. आमचा खटला सरळ तोच आहे. बुधवारी मी हेच मांडणार.

काळा कोट | सोमवार, रात्री ८:३०

बाळा, खटला बरोबर आठवलास. पण तुझ्या मित्राचं वाक्य पुन्हा वाच. तो "५,००० देईन" असं म्हणाला का? तो म्हणाला, "५,००० करा ना काका."

कोकणातल्या बाजारात हे वाक्य दिवसाला शंभर वेळा कानावर पडतं. मासळीबाजारात सुरमईचा वाटा समोर असतो, बाई भाव सांगते आणि आपण म्हणतो, "थोडं कमी करा ना." याचा अर्थ "तुमच्या भावाने मला नको" असा होतो का? बहुतेक वेळा होत नाही. आपण नुसतं चाचपून बघत असतो. ती "नाय जमत" म्हणाली तर आपण सांगितलेल्या भावानेच घेतो.

कायदाही हा फरक मानतो. १८८० चा स्टीव्हन्सन विरुद्ध मॅकलीन हा खटला वाच. लोखंडाचा व्यवहार होता. विकणाऱ्याने टनाला ४० शिलिंग रोख असा भाव दिला आणि सोमवारपर्यंत मुदत दिली. सोमवारी सकाळी घेणाऱ्याने तार केली की त्याच भावात दोन महिन्यांत माल उचलला तर चालेल का, नाहीतर जास्तीत जास्त किती मुदत द्याल? उत्तर आलं नाही. विकणाऱ्याने माल दुसऱ्याला विकला आणि तशी तार पाठवली. पण ती तार पोचण्याआधीच घेणाऱ्याची तार निघाली होती, "४० रोखीने मान्य." न्यायालय म्हणालं, सकाळची तार ही फक्त चौकशी होती, तिने प्रस्ताव मेला नाही, करार झाला.

मुदत दिलेली, मध्ये एक विचारणा, उत्तर नाही, माल तिसऱ्याला दिला, आणि नकार पोचण्याआधी होकार. मॅडमच्या मुलाची गोष्ट हाइडपेक्षा याला जास्त जवळची आहे. हाइडमध्ये मालकाने ९५० ला स्पष्ट नकार दिला होता, इथे मालक गप्पच राहिला. दोन्ही निवाडे इंग्लंडचे आहेत, आपल्या न्यायालयांना बंधनकारक नाहीत, पण या प्रश्नावर आपल्याकडेही त्यांचाच आधार घेतात.

तिसरा बाक | सोमवार, रात्री ८:५५

पण सर, मालकाने बुधवारी खोली देऊनच टाकली होती. गुरुवारी होकार आला तेव्हा प्रस्ताव कुठे उरला होता?

काळा कोट | सोमवार, रात्री ९:३०

चांगला प्रश्न. पुष्कळ वकीलही इथे घसरतात.

मालक आपला प्रस्ताव मागे घेऊ शकतो. शुक्रवारपर्यंत सांग म्हटलं तरी घेऊ शकतो, कारण ती मुदत पाळण्याबद्दल मुलाने त्याला वेगळं काही दिलेलं नव्हतं. मोबदल्याशिवाय दिलेला "शुक्रवारपर्यंत थांबतो" हा शब्द कायद्याने बांधत नाही. मुलाने मंगळवारीच "शुक्रवारपर्यंत राखून ठेवा, त्याचे हे ५०० रुपये" म्हणून दिले असते आणि मालकाने ते घेतले असते, तर तो थांबायला बांधील झाला असता. तुमच्या प्रतिफळाच्या, म्हणजे मोबदल्याच्या, धड्यातली ही जागा आहे, "काहीतरी दिल्यावर काहीतरी मिळतं" एवढ्यावर तो धडा सोडू नका.

पण मागे घेतलं हे समोरच्याला कळवावं लागतं. मनात ठरवून चालत नाही, दुसऱ्याला किल्ली देऊनही चालत नाही. मुलाला ते कळलं गुरुवारी दुपारी १:४० ला. त्याचा होकार सकाळी ८:०५ चा. होकार आधी पोचला.

म्हणून सगळं त्या एका ओळीवर येऊन थांबतं. "५,००० करा ना" हा उलटा प्रस्ताव असेल तर तू बरोबर. नुसती विचारणा असेल तर गुरुवारी सकाळी ८:०५ ला करार झाला. मग बुधवारी ज्याला खोली दिली त्याच्याशीही करार, आणि मालक दोन खुंट्यांना बांधला गेला. मुलाला दुसरीकडे तशीच खोली ६,००० ला घ्यावी लागली, तर महिन्याला ५०० प्रमाणे ११ महिन्यांचे ५,५०० रुपये भरपाई म्हणून मागता येतील. त्याहून फार नाही, मनस्तापाचे वेगळे पैसे अशा व्यवहारात सहसा मिळत नाहीत.

दुकान मालवण | सोमवार, रात्री १०:१०

मला "करा ना" ऐकलं की समजतं, हे गिऱ्हाईक घेणार आहे. जे घेणार नाही ते "नको" म्हणून पुढे जातं. माझं मत वकीलसाहेबांच्या बाजूने.

पण १,००० टोकनचं काय? आमच्याकडे विसार दिला की सौदा पक्का.

संध्याकाळची शिकवणी | सोमवार, रात्री १०:३०

टोकनचं मी सांगते, कारण वर्गातल्या पहिल्या गटाची चूक इथेच आहे. विसार घेणारा घेतो, तेव्हा सौदा पक्का होतो. समोर बसून नोट हातात दिली आणि त्याने खिशात घातली, तर ते घेणं झालं. यूपीआयमध्ये मात्र नंबर माहीत असला की कोणीही कोणाच्याही खात्यात पैसे टाकू शकतो. मालक त्या वेळी झोपलेला असेल तरी पैसे जमा होतात. खात्यात पैसे येणं म्हणजे मालकाची संमती नव्हे. त्याने ते चार दिवस ठेवून घेतले असते, "कधी येतोस राहायला" असं विचारलं असतं, तर वागण्यातून संमती दिसली असती. इथे त्याने कळताच परत केले.

त्यामुळे करार झालाच असेल तर तो "५,५०० चालेल" या शब्दांनी झाला. १,००० रुपयांनी त्यात काही भर पडली नाही.

काळा कोट | मंगळवार, सकाळी ८:००

मॅडम, रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं, एक गोष्ट आपण कोणी विचारलीच नाही. मुलाचं वय काय?

तवसाळ बोट | मंगळवार, सकाळी ११:४५

नमस्कार. तो मुलगा मीच. मॅडमनी लिंक पाठवली. मला १८ वर्षं येत्या ऑगस्टमध्ये पूर्ण होतील.

काळा कोट | मंगळवार, दुपारी १२:१०

मग बाबा, कालपासून आम्ही केलेला सगळा ऊहापोह तुझ्या बाबतीत गळून पडला. हाइडही नाही आणि मॅकलीनही नाही.

अठरा पूर्ण नसलेल्याने केलेला करार मुळातच रद्दबातल. नंतर रद्द करता येतो असं नाही, तो जन्मालाच येत नाही. हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरीबीबी विरुद्ध धर्मदास घोष या खटल्यात सांगितलं. धर्मदास अज्ञान, म्हणजे कायद्याने वयात न आलेला, होता, त्याने सावकाराकडे घर गहाण ठेवून कर्ज काढलं होतं, आणि तो अज्ञान असल्याचं सावकाराच्या माणसाला कळलेलं होतं. गहाणखत गेलं, सावकाराला कर्जाचे पैसेही परत मिळाले नाहीत.

तेव्हा तुझे ५,५०० रुपये भरपाईचे विसर. तुझे हजार मालकाने परत केले ते योग्यच, ते ठेवून घ्यायला त्याच्याकडे काही आधार नव्हता.

दुकान मालवण | मंगळवार, दुपारी २:३०

थांबा साहेब, हे माझ्या पोटावर येतंय. माझ्याकडे शिकायला राहिलेली सतरा-सतरा वर्षांची पोरं उधारीवर माल नेतात. तांदूळ, डाळ, तेल, साबण. एकाने मोबाइलला लावायचा स्पीकरही उधारीवर नेला, अठराशेचा. सगळंच बुडालं म्हणायचं?

काळा कोट | मंगळवार, दुपारी ३:१५

सगळं नाही. कायद्याने इथे एक खिडकी ठेवली आहे. अज्ञान मुलाला त्याच्या राहणीप्रमाणे ज्या वस्तू लागतातच, त्या कोणी पुरवल्या, तर त्याची भरपाई मुलाच्या मालमत्तेतून मागता येते. तांदूळ, डाळ, तेल, साबण यात बसतात. राहायची खोलीही बसते. स्पीकर बसेल असं मला वाटत नाही.

पण शब्द बघा. मालमत्तेतून, मुलाकडून नव्हे. त्याच्या नावावर आजोबांनी दिलेली बाग असेल, बँकेत ठेव असेल, तर तिथून. काहीच नसेल तर तुमच्या हाती काही लागत नाही. त्याला जातीने जबाबदार धरता येत नाही. अठरा पूर्ण झाल्यावर "जुनी उधारी देतो" असं त्याने लिहून दिलं, तरी त्या जुन्या व्यवहारात जीव येत नाही.

व्यवहारातला उपाय तुम्हाला ठाऊकच आहे, वहीत खातं बापाच्या नावाने उघडा. माल पोराने नेला तरी देणेकरी बाप. पण त्यासाठी बापाने आधी "हो" म्हटलेलं हवं. तुम्ही आपल्या मनाने त्याचं नाव लिहिलंत तर तो बांधला जात नाही.

दुकान मालवण | मंगळवार, दुपारी ३:४०

दोघांच्या वडलांना आजच फोन लावतो. स्पीकरवाल्याचं मी समजून घेईन, पोरगा चांगला आहे.

तिसरा बाक | मंगळवार, संध्याकाळी ६:००

मग "करा ना"चा निकाल कोण देणार? समजा तो अठराचा असता तर?

मला अजूनही पटलेलं नाही. मासळीबाजारात दोघं समोरासमोर असतात, बाई लगेच उत्तर देते. इथे मालकाने निळी टिक दिली आणि दोन दिवस गप्प बसला. त्याला वाटलं असणार की पोराला ५,५०० झेपत नाहीत. "आम्ही दोघंच राहणार" हे कारणही त्याने जोडलं होतं. म्हणजे तो नुसतं विचारत नव्हता, आपला भाव मांडत होता. मालकाच्या जागी कोणीही शहाणा माणूस असता तर त्याने काय अर्थ घेतला असता, हे बघायला हवं ना?

काळा कोट | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

हे तू नेमकं पकडलंस. बोलणाऱ्याच्या मनात काय होतं त्यापेक्षा ऐकणाऱ्या समंजस माणसाला काय कळलं असतं, यावरच न्यायालय जाईल. माझा कल चौकशीकडे आहे, पण हा दावा समोरच्या बाजूने चालवायला मिळाला असता तर तुझाच युक्तिवाद मी केला असता. न्यायाधीश कुठल्या बाजूला झुकतील हे मी छातीठोक सांगणार नाही.

संध्याकाळची शिकवणी | बुधवार, रात्री ९:००

आज वर्गात सगळं वाचून दाखवलं. मी मुलांना एकच काम दिलं. त्या मेसेजमध्ये एखादा शब्द बदलून अर्थ पक्का करा, एकदा चौकशीच्या बाजूला, एकदा उलट्या प्रस्तावाच्या बाजूला. एकाने लिहिलं, "५,००० ला देत असाल तरच सांगा." सगळ्यांनी एकमताने म्हटलं, हा उलटा प्रस्ताव. दुसरीने लिहिलं, "५,५०० ठीक आहे, पण ५,००० होतील का विचारतो." यावर मात्र पुन्हा वाद. निम्म्या वर्गाला हा सरळ होकारच वाटला, तिथेच करार झाला, पुढचं विचारणं जास्तीचं. मलाही तसंच वाटतं, वकीलसाहेबांचं मत ऐकायला आवडेल.

काळा कोट | बुधवार, रात्री ९:२५

"ठीक आहे" वर पूर्णविराम असता तर होकार. "पण" आला की मी दोनदा वाचीन. मुलीला शाबासकी सांगा, मला विचार करायला लावलं.

तवसाळ बोट | शनिवार, सकाळी १०:१५

दुसरी खोली मिळाली, मारुती मंदिरपासून जवळ. भाडं ५,८००. या वेळी मी बोललो नाही, बाबांनी मेसेज लिहिला. पाठवण्याआधी इथे टाकतोय, बघून सांगाल का?

"नमस्कार. तुमची खोली माझ्या मुलासाठी मी माझ्या नावाने ११ महिने घेतो. भाडं महिना ५,८००, डिपॉझिट १५,०००, लाईटबिल मीटरप्रमाणे आम्ही भरू. करार लेखी करून नोंदवू. खर्च रीतसर वाटून घेऊ."

काळा कोट | शनिवार, सकाळी १०:५०

बाबांच्या नावाने घेताय, उत्तम. करार त्यांचा, राहणारा तू.

दोन जागा सैल आहेत. "रीतसर वाटून" म्हणजे किती? निम्मा-निम्मा म्हणायचं असेल तर तसं लिहा. अर्थ लावता येत नाही अशी अट कायदा मान्य करत नाही, आणि पुढे भांडण नेमकं त्याच शब्दावरून होतं. दुसरं, ११ महिने कधीपासून? तारीखच नाही.

तवसाळ बोट | शनिवार, सकाळी ११:०५

"नोंदणीचा खर्च निम्मा-निम्मा. १ जुलैपासून ११ महिने." असं केलं. बाबा विचारतायत, डिपॉझिट परत कधी मिळणार तेही लिहू का?

वाशिष्ठीकाठ | शनिवार, सकाळी ११:१०

लिहा. नक्की लिहा. किती दिवसांत आणि कशाचे पैसे कापून, दोन्ही लिहा.